चौथ्या मजल्यावर दर पावसाळ्यात परतणारी गळती : गच्चीतील पाझर व छायाचित्रांतील भेगांबाबत समितीस अहवाल

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य यांस सादर.

विषय : गच्चीतून सदनिका क्र. ४०१, ४०२ व ४०३ मध्ये होणारी गळती आणि सदस्यांनी दिलेल्या १४ छायाचित्रांतील भेगा.

समितीने सोपवलेली छायाचित्रे, संस्थेची तक्रार वही आणि पावसाळा संपल्यानंतर गच्चीवर केलेल्या चाचण्या यांच्या आधारे हा अहवाल लिहिला आहे. निष्कर्ष आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा तपशील त्याच्या पुष्ट्यर्थ आहे. तीन सदनिकांत दिसणारे पाणी एका ठिकाणाहून येत नाही. त्याचे उगम तीन आहेत आणि त्यांतला एक तर पावसाचा नाहीच. २०१८ मध्ये पांढऱ्या सिमेंटने भेगा भरल्या, २०२० मध्ये पश्चिमेकडील अर्ध्या गच्चीवर डांबरी शीट चिकटवली आणि २०२३ मध्ये सबंध गच्चीवर रासायनिक लेप दिला. ही तिन्ही कामे गच्चीच्या पृष्ठभागावर झाली आणि तिन्ही उगम जिथल्या तिथे राहिले.

छायाचित्रांत काय दिसते आणि काय दिसत नाही

छायाचित्र क्र. १ ते ४ पाहून सभेत सर्वाधिक चिंता व्यक्त झाली होती. पूर्वेकडील गच्चीवर चायना मोझेकमध्ये जाळ्यासारख्या पसरलेल्या या भेगा आहेत. पाऊस थांबल्यावर लगेच टिपलेल्या छायाचित्रात भेगेच्या कडा ओल्या व काळ्या दिसतात, त्यामुळे भेग प्रत्यक्षाहून दुप्पट-तिप्पट रुंद भासते. कोरड्या दिवशी मापल्यावर यांतली एकही भेग ०.३ मिलिमीटरपेक्षा रुंद भरली नाही. वरचा थर सुकताना आकसल्यामुळे आणि वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाल्ल्यामुळे पडलेल्या या उथळ भेगा आहेत. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सर्वाधिक भेगा दिसणारा हा भाग बरोबर ४०४ क्रमांकाच्या सदनिकेवर येतो आणि ४०४ ही चौथ्या मजल्यावरची एकमेव कोरडी सदनिका आहे.

याउलट पश्चिमेकडील गच्ची छायाचित्र क्र. ५ मध्ये चंदेरी, सलग आणि निर्दोष दिसते, आणि ४०१ व ४०२ या दोन्ही गळक्या सदनिका तिच्याच खाली आहेत. भेगेचे छायाचित्र भेग आहे एवढेच सांगते. ती किती खोल आहे, अजून हलते आहे की थांबली आहे आणि तिच्यातून पाणी जाते की नाही, हे त्यात उमटत नाही. यापुढे छायाचित्र घेताना भेगेशेजारी मिलिमीटरची पट्टी धरावी, एक छायाचित्र जवळून व एक लांबून घ्यावे, भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि ती जागा गच्चीच्या नकाशावर क्रमांकाने दाखवावी. पुढच्या वर्षी भेग खुणेपलीकडे गेली की नाही, हे मग वादाशिवाय ठरवता येईल.

खरा पुरावा : पाणी केव्हा येते

छायाचित्रांपेक्षा तक्रार वहीने अधिक मदत केली, कारण तीत तारखा आहेत. त्यांना जोड म्हणून तिन्ही कुटुंबांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक साधी नोंद ठेवली : जोराचा पाऊस केव्हा सुरू झाला, छतातून पाणी केव्हा दिसू लागले आणि केव्हा थांबले.

४०१ मध्ये मोठी सर आली की तासाभरात बेडरूमच्या पश्चिमेकडील कोपऱ्यात टपटप सुरू होते आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत बंद होते. ४०२ मध्ये एखाद-दुसऱ्या सरीने काहीच होत नाही. सलग तीन-चार दिवस पाऊस लागला की हॉलच्या मधोमध ओल उमटते आणि कडक ऊन पडल्यावरही आठवडाभर थेंब पडत राहतात. ४०३ च्या स्वयंपाकघराबाहेरील पॅसेजमधील ओल मात्र मार्चमध्येही होती आणि जुलैमध्येही तेवढीच होती.

या तीन वेळापत्रकांतच निदानाचा निम्मा भाग येतो. पाऊस पडताच येणारे आणि पावसाबरोबर थांबणारे पाणी सरळ, मोकळ्या वाटेने येत असते. ती वाट बहुधा पाइपाच्या तोंडाशी, कठड्याच्या सांध्यात किंवा एखाद्या आरपार भेगेत असते. उशिरा येऊन उशिरा थांबणारे पाणी आधी कुठेतरी साठते, आणि आपल्याकडील गच्चीत ते साठण्याची जागा म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा. वीट आपल्या वजनाच्या १५ ते २० टक्के पाणी सहज पिते, म्हणून भिजलेला कोबा सावकाश भरतो आणि सावकाशच रिता होतो. ज्या पाण्याला पावसाळा-उन्हाळा सारखाच, ते नळाचे असते.

सदनिका क्र. ४०३ : टाकीचे पाणी

हे प्रकरण सर्वांत सोपे असूनही सर्वांत जास्त वर्षे रेंगाळले. छायाचित्र क्र. १२ मे महिन्यातले आहे आणि त्यात पाण्याच्या टाकीखाली हिरवेगार शेवाळ दिसते. मुंबईत ऑक्टोबरनंतर जूनपर्यंत पाऊस जवळजवळ नसतो. मे महिन्यात जिथे शेवाळ आहे तिथे रोज पाणी पडते, हे सांगायला वेगळी चाचणी नको.

टाकी गच्चीपासून दीड-दोन फूट उंच खांबांवर उभी असल्याने तिच्याखाली वाकून कोणी पाहत नाही. तेथे दोन दोष आढळले. टाकी धुण्यासाठी असलेल्या तळाच्या व्हॉल्व्हमधून सतत थेंब पडत होते. शिवाय सकाळी पंप वेळेवर बंद न झाल्यास ओव्हरफ्लोचे पाणी पाइपातून थेट टाकीखालीच सांडत होते. व्हॉल्व्ह बदलला, ओव्हरफ्लोचा पाइप वाढवून पूर्वेकडील पावसाळी पाइपाच्या तोंडाशी नेला आणि टाकीखालचा भाग कोरडा ठेवला. ४०३ च्या छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ आखली होती. ओल आता त्या रेघेच्या बरीच आत सरकली आहे. ती पूर्ण सुकेपर्यंत तेथे गिलावा किंवा रंग करू नये, नाहीतर तो पुन्हा पोपडे धरेल. गच्चीवर पत्र्याची शेड बांधली असती तरी ही गळती थांबली नसती, कारण टाकी शेडखाली येऊनही तिचे पाणी गच्चीवरच पडले असते.

सदनिका क्र. ४०१ : पावसाळी पाइपाचे तोंड

येथे सर्वांचा संशय पश्चिमेच्या कठड्यावर होता आणि तो निराधार नव्हता. पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याने त्याच बाजूला झोडपतो आणि छायाचित्र क्र. ६ व ७ मध्ये कठड्याच्या पायाशी आडवी, लांबच लांब भेग स्पष्ट दिसते. तक्रार वहीत मात्र ४०१ ची पहिली नोंद २०१७ च्या पावसाळ्यातील आहे. त्याच्या आदल्या वर्षी बाहेरची दुरुस्ती करताना बिडाचे जुने पाइप काढून पीव्हीसीचे बसवले होते, म्हणून तपासात कठडा आणि पाइप वेगळे करणे आवश्यक ठरले.

आधी फक्त कठड्यावर आणि त्याच्या पायाशी होजपाइपने पाणी सोडले. दोन तासांनी ४०१ च्या पश्चिम भिंतीवर, तुळईखाली ओलसर पट्टा उमटला, पण छतातून एकही थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशी पावसाळी पाइपात होज खोलवर घालून, तोंडाच्या कडा भिजू न देता पाणी सोडले, तेव्हाही छत कोरडे राहिले. याचा अर्थ खालचा पाइप व त्याचे एल्बो फुटलेले नाहीत. शेवटी पाइपात बूच मारून तोंडाभोवती सिमेंट-मातीचा छोटा बांध घातला आणि ५० मिलिमीटर पाणी साठवले. पाऊण तासाच्या आत बेडरूमच्या त्याच कोपऱ्यात टपटप सुरू झाली.

दोष पाइप आणि काँक्रीट यांच्यातील गोल फटीत आहे. पीव्हीसीच्या गुळगुळीत अंगाला सिमेंटचा मसाला धरत नाही, आणि पीव्हीसी उन्हाने काँक्रीटच्या कितीतरी पट अधिक प्रसरण पावते. मसाला कितीही दाबून भरला तरी एक-दोन उन्हाळ्यांत पाइपाभोवती केसाएवढी कडी सुटते. गच्चीचे सगळे पाणी शेवटी तिथेच येत असल्यामुळे तेवढी कडी पुरेशी होते. छायाचित्र क्र. ८ मध्ये ही कडी आहे, पण वरची जाळी न काढता ते घेतल्यामुळे ती कोणाच्या लक्षात आली नाही.

दुरुस्तीसाठी तोंडाभोवतीचा सुमारे एक फूट चौरस भाग स्लॅबपर्यंत उघडावा. पाइपाचा जो तुकडा काँक्रीटमध्ये बसणार आहे, त्याच्या बाहेरील अंगाला सॉल्व्हंट सिमेंट लावून ते ओले असतानाच त्यावर कोरडी जाड वाळू भुरभुरवावी. ही खरखरीत बाजू मसाला धरते. न आकसणाऱ्या मसाल्याने पोकळी भरल्यावर पाइपाभोवती बोटभर रुंदीची खाच ठेवून ती पॉलियुरेथेन सीलंटने भरावी, आणि वरचा लेप फायबरच्या जाळीसह पाइपाच्या आतपर्यंत वळवून घ्यावा. तोंड आजूबाजूच्या गच्चीपेक्षा १५ ते २० मिलिमीटर खोल असावे. सध्या ते डांबरी शीटच्या जाडीमुळे उलट उंचावले आहे.

कठड्याच्या भेगेचा उपाय वेगळा आहे. स्लॅब उन्हात तापतो, सरीने थंड होतो आणि त्याप्रमाणे लांबी बदलतो. आपली गच्ची १८ मीटर लांब आहे. काँक्रीटचे तापमान १५ अंशांनी बदलले, तर मोकळ्या स्लॅबची लांबी साधारण २.७ मिलिमीटरने बदलेल. कठडा विटांचा आणि स्लॅब काँक्रीटचा असल्याने दोघांची हालचाल जुळत नाही, म्हणून सांधा फाटतो. या भेगेवर चिकटवलेली काचेची पट्टी पंधरवड्यात तडकली, म्हणजे भेग जिवंत आहे. २०१८ मध्ये तीत भरलेले पांढरे सिमेंट पहिल्याच उन्हाळ्यात सुटले असणार. येथे खाच कापून लवचीक सीलंट भरावे, कोपऱ्यात गवंडी ज्याला वाटा म्हणतात तो गोलवा नव्याने करावा आणि लेप कठड्यावर किमान एक फूट चढवावा.

सदनिका क्र. ४०२ : शीटखाली अडकलेले पाणी

हे काम सर्वांत खर्चिक आहे, आणि सुरक्षेचा प्रश्नही येथेच आहे.

हॉलच्या छतातील भेगा (छायाचित्र क्र. ९ ते ११) सरळ, एकमेकींना समांतर आणि साधारण सहा-सहा इंचांवर आहेत. काही ठिकाणी तांबूस डाग आहेत आणि हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. या भेगा सळ्यांच्या रेषेवरून जातात. सळी गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा व्यापतो, खालचे काँक्रीट आतून ढकलले जाते आणि भेग पडते. गच्चीवरच्या जाळीदार भेगा पाहून घाबरण्याचे कारण नव्हते, या भेगांची मात्र काळजी करावी. मधल्या काळात पीओपीचे फॉल्स सिलिंग बसवल्यामुळे त्या काही वर्षे दृष्टीआड राहिल्या. सदस्याने ते काढू दिले म्हणून तपास होऊ शकला.

पाणी साठवून चाचणी घेण्यापूर्वी पोकळ गिलावा पाडून छताला टेकू दिले आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची संमती घेतली. ५० मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो भार, आणि तो गंजलेल्या स्लॅबवर विचारल्याशिवाय टाकू नये. नंतर हॉलच्या वरच्या भागात, कठड्यापासून दूर, बांध घालून तेवढे पाणी तीन दिवस ठेवले. उन्हाने किती पाणी उडते हे कळावे म्हणून शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवली. तीन दिवसांत बादलीतील पातळी १३ मिलिमीटरने उतरली, बांधातील ३१ मिलिमीटरने. मधले १८ मिलिमीटर पाणी गच्चीने प्यायले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलच्या छतावर ओल उमटली.

त्यानंतर त्या भागापासून दूर, दहा दिवस पाऊस नसताना, शीट कापून एक फूट चौरस खड्डा घेतला. कोबा तळाशी ओलागच्च होता. पूर्वेकडील भागातील तसाच खड्डा कोरडा निघाला. शीटचे सांधे काही ठिकाणी उघडे आहेत, आणि कठड्यापाशी तिची कड खाचेत न घुसवता नुसती गिलाव्यावर चिकटवली आहे. पाणी कडेने आत शिरते, पण वरचे झाकण पक्के असल्यामुळे उन्हाने वाफ होऊन बाहेर पडू शकत नाही. शीटवर जे फुगे दिसतात, ते याच अडकलेल्या वाफेचे आहेत. म्हणजे २०२० पूर्वी उन्हाळ्यात सुकणारा कोबा त्यानंतर वर्षभर ओला राहू लागला आणि सळ्यांना गंज चढण्याचा वेग वाढला, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. तक्रार वहीत ४०२ ची पहिली गंभीर नोंद २०२१ ची आहे.

समितीसमोर जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकण्याचे एक कोटेशन आहे. ते स्वीकारू नये. शंभर मिलिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरतो, तर ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकातील भार १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो आहे. माणसांच्या वावरासाठी धरलेल्या भारापेक्षा जास्त वजन कायमचे स्लॅबवर बसेल, तेही ओल्या कोब्यासह आणि ज्या स्लॅबच्या सळ्या गंजल्या आहेत त्यावर.

माझी शिफारस अशी की, मधल्या उंचवट्यापासून पश्चिमेच्या कठड्यापर्यंतचा कोबा पूर्ण काढावा. ४०२ वरचाच तुकडा काढला तर शेजारचा ओला कोबा नव्यात पाणी सोडत राहील. पूर्वेकडील कोबा काढण्याची गरज नाही. तेथे भेगा स्वच्छ करून लवचीक लेप दिला तरी पुरे, त्यामुळे खर्चही जवळपास निम्म्यावर येतो. कोबा तोडताना मोठे ब्रेकर वापरू नयेत आणि डेब्रिजचा ढीग स्लॅबवर साठू देऊ नये, ते रोजच्या रोज गोणींतून खाली उतरवावे. स्लॅब उघडा पडल्यावर त्याच्या वरच्या बाजूची पाहणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी. खालून छताची दुरुस्ती करताना सैल काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत काढून गंज घासावा आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरावे. कोणत्या सळ्यांना जोड द्यायची, हे सळीची शिल्लक जाडी मोजूनच ठरेल. छायाचित्रावरून ते ठरवता येत नाही.

नव्या कोब्याला शंभरास एक उतार असावा, विटांचे तुकडे आधी पाण्यात भिजवलेले असावेत, आणि काम झाल्यावर त्यावर सात दिवस पाणी साठवून ठेवावे. त्या पाण्याने कोबा पक्का होतो आणि चाचणीही होते.

खर्च, करार आणि शेडबाबत

आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्यामुळे सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान संस्थेने दुरुस्त करायचे असते. त्यामुळे ४०१ व ४०२ च्या छताचा खर्च सदस्यांवर टाकता येणार नाही. फॉल्स सिलिंग पुन्हा बसवण्याचा खर्च सदस्याचा की संस्थेचा, हे समितीने ठरवावे. इमारत १९८६ ची, म्हणजे ३० वर्षांहून जुनी असल्याने दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट आवश्यक आहे. ४०२ मधील निष्कर्ष त्या ऑडिटमध्ये नोंदवून घ्यावेत.

मागील कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी दिली होती, पण तीत 'स्ट्रक्चरल भेगा वगळून' असा शब्दप्रयोग होता आणि प्रत्येक तक्रारीला तोच दाखवला गेला. नव्या करारात पाइपाची तोंडे, कठड्याचे सांधे आणि वाटे यांचा नावानिशी उल्लेख असावा. शेवटचे १५ टक्के देयक एक पूर्ण पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावे. काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच उरकावे. मे महिन्याच्या अखेरीस घाईने ओल्या पृष्ठभागावर दिलेला लेप पहिल्याच उन्हात सुटतो.

शेडला सर्वसाधारण सभेत बरीच पसंती मिळाली होती. महापालिकेची परवानगी लागते हा भाग वेगळा, पण तिचे पाय बोल्टने स्लॅबमध्ये बसवताना नव्या कोब्याला जितकी छिद्रे पडतील, तितकी गळतीची नवी तोंडे तयार होतील. दुरुस्तीनंतर एक पावसाळा ४०१ व ४०२ ची वेळेची नोंद पुन्हा ठेवावी आणि शेडचा विषय त्यानंतरच्या सभेत घ्यावा, अशी विनंती आहे.

कळावे,
समितीने नेमलेला स्थापत्य अभियंता